पहिल्या आणि दुसऱ्या रक्ततपासणीमधले तीन तास

प्रश्न: मी एक छोटी कथा लिहितोय. मुंबईतला चाळिशीचा माणूस, मध्यरात्री छातीत दुखायला लागतं, हार्ट अटॅकच आला असं समजून बायको आणि मुलीला घेऊन हॉस्पिटल गाठतो. ईसीजी काढताना मुलगी बापाचा हात धरून उभी असते. तो नॉर्मल येतो, डॉक्टर नाडी बघून, हसून म्हणतात, "काही नाही, पॅनिक अटॅक आहे," आणि सगळे पहाटेच्या आत घरी. माझ्या डॉक्टर मेव्हणीने वाचून "असं नसतं" एवढंच म्हटलं. मग कसं असतं? त्या माणसाला नेमकं काय होतं, आणि डॉक्टरांना ते कळतं कशावरून?

उत्तर:

मेव्हणी बरोबर सांगते. तुमचा डॉक्टर फार लवकर हसलाय.

मी 22 वर्षं मध्य रेल्वेच्या उपनगरांतल्या हॉस्पिटलांत कॅज्युअल्टी सांभाळली. तुमच्या नायकासारखे लोक रात्री बारा ते चारच्या दरम्यान इतके पाहिलेत की त्यातला एकच पूर्ण सांगते. नाव, पत्ता, नोकरी बदलली आहे. त्याला विलास म्हणू.

विलास 41 वर्षांचा. मुलुंड पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. भायखळ्याला एका गोदामात हिशेब बघायचा. रात्री 1 वाजून 20 मिनिटांनी तो गाढ झोपेतून ताडकन उठून बसला. स्वप्न वगैरे काही पडलं नव्हतं. छाती आवळल्यासारखी, काळीज कानात वाजतंय, घसा कोरडा, अंगाला दरदरून घाम. हे झोपेतून उठवणारं प्रकरण लोकांना पटत नाही. झोपलेला माणूस घाबरेल कशाला, असं वाटतं. पण पॅनिक अटॅक झोपेतही येतो, आणि तसा आला की माणसाला हृदयाशिवाय दुसरं काही सुचतच नाही. जागेपणी निदान सांगायला एखादं कारण तरी असतं.

बायको सुषमा उठली, दिवा लावला. त्याने डावा हात चोळत सांगितलं, "हाताला मुंग्या येतायत." तेवढ्यावर घरातल्या सगळ्यांचं निदान झालं. शेजारचे परब काका आले. काकांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम. त्यांनी एक गोळी विलासच्या जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत विलासचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड दुप्पट झाली. काका म्हणाले, "बघ, वाढतंय. चला." विलास अनवाणीच तीन मजले उतरला, मागून सुषमा, नऊ वर्षांची मुलगी, काका. एलबीएस रोडला रिक्षा मिळाली. 108 ला फोन करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुंबईत ते बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. रिक्षा दिसते, माणूस तिच्यात बसतो.

त्या गोळीबद्दल आधी सांगते, कारण पुढचा गोंधळ तिच्यामुळे झाला. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. ज्याला डॉक्टरांनी हृदयासाठी लिहून दिली आहे त्याला ती उपयोगी. दुसऱ्या कोणाला उभ्या-उभ्या दिली तर बीपी खाली येतं, डोकं दुखतं आणि बीपी सावरायला हृदय आणखी जोरात धावतं. म्हणजे आधीच धडधडीने घाबरलेल्या माणसाला आपण आणखी धडधड पुरवतो. ज्याने लैंगिक ताकदीची गोळी घेतली आहे त्याला तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते, आणि ते तो माणूस बायको-शेजाऱ्यांसमोर सांगत नाही. म्हणून मी नातेवाइकांना दोन पावलं मागे सरकवून हा प्रश्न कानाशी विचारते.

1 वाजून 55 मिनिटांनी रिक्षा दाराशी. स्ट्रेचरवाल्या मामांनी त्याला आडवा केला. आत येताना तो बोलला ते वाक्य मी आजवर शेकडो वेळा ऐकलंय: "मॅडम, जीव घाबरा होतोय." आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. आपल्या भाषेत हे वाक्य पॅनिकवालाही बोलतो आणि खरा हार्ट अटॅकवालाही. ज्याच्या हृदयाची नळी खरोखर बंद होते आहे, तोही कळ सांगायच्या आधी जीव घाबरा होतोय असंच सांगतो. त्यामुळे 'हा घाबरलाय' या निरीक्षणाला कॅज्युअल्टीत शून्य किंमत. उलट ज्या शब्दाला मी खरी घाबरते तो म्हणजे 'गॅस'. "गॅस झालाय, इनो घेतला, तरी बरं वाटेना" असं म्हणत पन्नाशीचा माणूस शांतपणे चालत येतो, आणि त्याच्या ईसीजीची पट्टी बघून सिस्टर पळायला लागते.

आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, हा नियम. केसपेपर, पैसे, आधार कार्ड सगळं नंतर. विलासचा सहाव्या मिनिटाला निघाला. शर्ट वर, हातापायांना चार चिमटे, छातीवर जेली लावून सहा रबरी बल्ब. तो इतका थरथरत होता की पहिली पट्टी नुसती काटेरी आली, दुसऱ्यांदा काढावी लागली. ठोके मिनिटाला 124, लय नियमित. आम्ही बघतो ती एसटीची रेघ. (एसटी म्हणजे लाल डबा नव्हे. ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट तुकडा.) हृदयाची मोठी नळी पूर्ण बंद झाली असेल तर तो तुकडा वर उचलला जातो. विलासचा उचलला नव्हता.

तुमच्या कथेत डॉक्टर इथे हसतो.

मी का हसले नाही ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हसले होते. टेम्पो चालवणारा, 46 वर्षांचा, घामाघूम, सारखा "मला काय होतंय" विचारणारा. पट्टी स्वच्छ. मी पेपरवर 'ॲन्झायटी' लिहून, एक गोळी देऊन घरी पाठवला. पाच तासांनी तोच माणूस परत आला तेव्हा हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक पट्टीवर स्पष्ट दिसत होता. तो वाचला, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो. नळी अर्धवट बंद असेल, उघडझाप करत असेल, किंवा बंद झालेला भाग हृदयाच्या मागच्या बाजूला असेल, तर पहिला फोटो साधा येऊ शकतो. म्हणून दुखणं चालू असेपर्यंत दर पंधरा-तीस मिनिटांनी पट्टी पुन्हा काढायची आणि आधीच्या पट्टीशेजारी ठेवून बघायची. एकटी पट्टी फार काही बोलत नाही.

बीपी निघालं 104 वर 70. आमचा तरुण आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, यावर अडकला. त्याचं म्हणणं, पॅनिकमध्ये बीपी चढतं, ह्याचं उतरलंय, मग हे हृदयच. तर्क चुकीचा नव्हता. मी परब काकांना विचारलं, "काही दिलंत का?" काका अभिमानाने म्हणाले, "सॉर्बिट्रेट, लगेच." किती वाजता, किती गोळ्या, हे लिहून घेतलं आणि 104 चा उलगडा झाला. कथेत तुम्हाला शेजारी हवाच असेल तर त्याच्या हातून हे घडवा. वाचणाऱ्याला पटेल.

बीपीचा पट्टा फुगत असताना मात्र एक गोष्ट दिसली. विलासच्या त्या हाताची बोटं आपोआप एकत्र आली, सरळ ताठ, टोकं जुळलेली, अंगठा तळहातात वळलेला. बाळंतपणात दाई हात आत घालताना करते तसा आकार. पट्टा सैल केला तरी हात तसाच. तो स्वतः हाताकडे बघून ओरडला, "लकवा!" सुषमा रडायला लागली.

हा हात समजला की अर्धं प्रकरण समजतं, म्हणून थोडं थांबते. घाबरलेला माणूस भराभर, खोल श्वास घेतो. त्याला वाटतं हवा पुरत नाही. प्रत्यक्षात विलासच्या बोटाला लावलेला चिमटा 99 टक्के ऑक्सिजन दाखवत होता, म्हणजे भरपूर. कमी पडत होता कार्बन डायऑक्साइड, कारण तो गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जात होता. हा वायू रक्तात थोडी आंबट बाजू सांभाळतो. तो गेला की रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि तसं झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटून बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, पण वापरायला मोकळं कमी. मोकळं कॅल्शियम कमी झालं की नसा चळवळ्या होतात, नसत्या वेळी संदेश सोडतात. ओठांभोवती मुंग्या, बोटांना मुंग्या, आणि फार झालं तर हात असा आखडतो. त्याच कमी कार्बन डायऑक्साइडने मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं आणि समोरचं सगळं काचेपलीकडे घडतंय असं वाटतं. पुष्कळांना त्या क्षणी आपण मरतोय किंवा वेडे होतोय याची खात्री पटते. आणि त्या भीतीने श्वास आणखी वाढतो.

मी विचारलं, "मुंग्या कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"उजव्याला?"

तो थांबला. त्याने पहिल्यांदाच उजव्या हाताकडे लक्ष दिलं. "उजव्यालाही आहेत."

"ओठांना?"

"हो. म्हणजे, हो, आहेत."

डाव्या हाताच्या मुंग्या त्याला जास्त जाणवत होत्या कारण तो रात्रभर त्याच हातावर पहारा देत होता. डावा हात म्हणजे हार्ट हे आपल्याला पाठ असतं, उजव्याकडे कोण बघतं?

मग मी खुर्ची ओढून त्याच्या डोक्याशी बसले. नाकाने साधा श्वास, तोही लहान, आणि सोडताना ओठ चंबूसारखे करून हळू. घेताना तीन आकडे, सोडताना सहा. "खोल श्वास घ्या" असं मी कधीही सांगत नाही. सगळे नातेवाईक नेमकं हेच ओरडत असतात, "दीर्घ श्वास घे, दीर्घ!" आणि त्याने हात आणखी आखडतो. सिनेमात दाखवतात तशी कागदाची पिशवीही तोंडाला लावायची नाही. समोरचा खरोखर हृदयाचा, दम्याचा किंवा फुफ्फुसात गुठळी अडकलेला असेल, तर पिशवीत त्याचा ऑक्सिजन संपतो. कथेत पिशवी असेल तर काढून टाका.

साधारण पंधरा मिनिटांत बोटं एकेक करून सुटली. ठोके 124 वरून 98. विलास म्हणाला, "मग हार्ट नाही ना?"

इथेही हसायचं नाही. हात सुटला म्हणजे तो जास्त श्वास घेत होता एवढंच सिद्ध झालं. का घेत होता, ते नाही. खऱ्या अटॅकमध्येही माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो आणि त्याच्याही हाताला मुंग्या येतात. दोन्ही गोष्टी एकाच खाटेवर एकाच वेळी असू शकतात. म्हणून तो येताच आम्ही त्याला 300 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चघळायला दिली होती, तीसुद्धा ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव यांची चौकशी करून. खरा अटॅक निघाला असता तर त्या गोळीचा उपयोग मोठा, नसता तर एका गोळीने नुकसान जवळजवळ काही नाही. रक्त पातळ करणाऱ्या बाकीच्या गोळ्यांचा मोठा डोस मात्र मी हातात धरून ठेवला. तो हिशेब वेगळा असतो.

आता रक्त. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. पण झिरपायला वेळ लागतो. विलासचं दुखणं सुरू झालं 1:20 ला, रक्त घेतलं 2:10 ला. पन्नास मिनिटांत खऱ्या अटॅकचंही ट्रोपोनिन पुरेसं वर आलेलं नसू शकतं. म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. दुसरं रक्त तीन तासांनी, 5:10 ला. काही हॉस्पिटलांत मशीन आणि पद्धत अशी असते की एक-दोन तासांतच दुसरं घेतात. छोट्या नर्सिंग होममध्ये प्रेग्नन्सी टेस्टसारखी कार्डाची पट्टी असते, एक रेघ की दोन. ती लवकर केली तर फार वेळा निगेटिव्ह येते, आणि लोक ती खिशात घालून निश्चिंत घरी जातात. ज्यांना कार्डावर अवलंबून राहायचं आहे त्यांना सहा-सहा तास थांबवावं लागतं.

तुमची कथा खरी घडते ती या तीन तासांत. पडद्याआड माणूस आडवा आहे, मॉनिटर टिकटिक करतोय, दुखणं ओसरलंय, आणि त्याच्याकडे करायला काही नाही. कथेतून हाच भाग तुम्ही गाळलाय.

या वेळात मी बाकीच्या शंका निस्तरत होते. ठोके एकदम, बटण दाबल्यासारखे सुरू झाले का? तसे असतील, आणि दीडशेच्या वर असतील, तर हृदयाच्या वायरिंगचा एक वेगळा दोष असतो. तो पट्टीत पकडला गेला नाही तर अशा माणसाला वर्षानुवर्षं 'टेन्शन आहे' सांगितलं जातं. विलासचे तसे नव्हते. फुफ्फुसातल्या गुठळीच्या खुणा, म्हणजे पायाला सूज, लांबचा प्रवास, खोकल्यात रक्त? नाही. साखर तपासली, ठीक. थायरॉइडसाठी रक्त बाजूला काढलं, कारण ते जास्त चालत असेल तर धडधड, घाम, थरथर सगळं हुबेहूब असंच दिसतं. तंबाखू नाही, आधीचं बीपी नाही. एवढ्यावर सुटका नसते. आपल्याकडे चाळिशीत अटॅक येतात, वय बघून कोणाला सोडता येत नाही.

साडेतीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, "जवळच्या कोणाला हल्ली काही झालं का?"

तो छताकडे बघत म्हणाला, "ग्रुपमधला एक गेला. सोळा दिवस झाले."

लोकलचा ग्रुप. रोज सकाळची तीच गाडी, तोच डबा, तेच आठ-दहा जण. त्यातला एक, याच्याच वयाचा, घाटकोपरला उतरला आणि प्लॅटफॉर्मवर कोसळला. विलास दारातून बघत होता आणि गाडी सुटली. त्यानंतर तो रात्री झोपताना मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचा. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचा. असे दोन छोटे झटके गाडीतही येऊन गेले होते, घरी सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट त्याने अगदी सहज सांगितली: आठ दिवसांपासून तो फास्ट सोडून स्लोने जात होता. वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण स्लो दर तीन मिनिटांनी थांबते. काही झालं तर उतरता येतं.

माझ्या लेखी त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा पुरावा हा स्लो लोकलचा होता. पट्टी आणि रक्त फक्त 'हृदय नाही' एवढं सांगतात. 'मग काय आहे' हे माणसाच्या अशा बदललेल्या सवयीत सापडतं. बाकीच्या खुणाही जुळत होत्या. दुखणं दहाएक मिनिटांत कळसाला गेलं, अर्ध्या-पाऊण तासात ओसरलं, मध्ये वाढलं ते सॉर्बिट्रेटनंतर. कुठे दुखत होतं विचारल्यावर त्याने एका बोटाने डाव्या स्तनाखालची जागा दाखवली. हृदयाचं दुखणं असलेले लोक बहुधा मूठ किंवा पूर्ण पंजा छातीच्या मध्यावर ठेवतात. बहुधा. या खुणांपैकी एकीवरही घरी बसून निर्णय घेऊ नये, मधुमेह असलेल्यांनी आणि बायकांनी तर मुळीच नाही, त्यांचा अटॅक नुसत्या धापेने किंवा मळमळीनेही येऊ शकतो. तो हॉस्पिटलला धावला ते बरोबरच होतं. हे मी त्याला सांगितलंही, कारण त्याला लाज वाटायला लागली होती.

दुसरा रिपोर्ट सहाच्या सुमारास आला. पहिल्याइतकाच, मशीनच्या खालच्या मर्यादेत. शेवटची ईसीजी पट्टीही आधीच्या स्वच्छ पट्टीसारखी, फक्त ठोके 82. आता निदान सांगायची वेळ.

आणि इथे डॉक्टर सगळ्यात जास्त चुका करतात, मीही केल्यात. "काही नाही झालं तुम्हाला" हे वाक्य. ज्याला चार तासांपूर्वी आपण मरतोय हे शरीराने सांगितलं, त्याला तुम्ही सांगता काही नाही झालं. तो मनात दोनपैकी एक अर्थ काढतो: डॉक्टरला सापडलं नाही, किंवा मी नाटकी आहे. पहिला अर्थ काढणारा पुढच्या महिन्यात दुसऱ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी मागतो. दुसरा अर्थ काढणारा कोणाला सांगायचंच बंद करतो.

मी सांगितलं ते साधारण असं: "तुमच्या हृदयाला आज इजा झालेली नाही, हे दोनदा रक्त बघून सांगतेय. तुम्हाला जे झालं ते खरं होतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. मित्र गेल्यापासून तुमच्या शरीराची धोक्याची घंटा फार हलकी झाली आहे, वाऱ्यानेही वाजते. तुमचा हात आखडला तो लकवा नव्हता, श्वासाने आखडला आणि श्वासाने सुटला, तुम्ही बघितलंत." शेवटचं वाक्य त्याला पटलं. त्याने बोटं उघडमीट करून बघितली.

आरएमओने अल्प्राझोलमच्या दहा गोळ्या लिहिल्या होत्या, त्या मी खोडल्या. ती गोळी झटका दाबते, पण माणूस ती खिशात ठेवल्याशिवाय घराबाहेर पडेनासा होतो, आणि काही आठवड्यांनी सोडवायची म्हणजे दुसरं दुखणं. त्याला मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. त्याने ती घडी करून खिशात घातली, आणि तो जाणार नाही हे मला दिसलं. "वेड्यांचा डॉक्टर" हा शब्द सुषमाच्या तोंडून तेवढ्यात निघालाच.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला, त्याच वेळेला, त्याच रिक्षात बसल्यासारखा. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. दुसऱ्या वेळी येणारा पॅनिकचाच असेल असं धरून चालणं हा धोका आहे. पट्टी, रक्त, तीन तास. फरक एवढाच की या वेळी त्याचा हात आखडला नव्हता, कारण रिक्षात तो आकडे मोजत आला होता. त्या दिवशी सकाळी मी त्याला स्वतः वर ओपीडीत नेऊन बसवलं.

पुढचं थोडक्यात, कारण तुमच्या कथेत ते बहुधा येणार नाही. सर्ट्रालीन ही पॅनिकवरची रोजची गोळी, कमी डोसाने, 25 मिलिग्रॅमपासून. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर लोक पाचव्या दिवशी गोळी बंद करतात. सोबत समुपदेशन, पण गप्पा मारायचं नव्हे. तिथल्या मॅडमने त्याला खुर्चीत बसवून मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. ओठांना मुंग्या आल्या, बोटं जड झाली, आणि तो घाबरून थांबला. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." पाचव्या-सहाव्या वेळी तो बोटांकडे कंटाळल्यासारखा बघत होता. मग जिना न थांबता तिसऱ्या मजल्यापर्यंत. मग फास्ट लोकल, आधी एकच स्टेशन, दुपारच्या रिकाम्या वेळी. घाटकोपरचा प्लॅटफॉर्म शेवटी ठेवला होता.

आता कथेतले दोन किरकोळ तपशील. तुमचा डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप टाकून "नाडी बघतो" आणि निदान करतो, ते काढा. आणि ईसीजी काढताना मुलगी खाटेशी बापाचा हात धरून उभी आहे. हात हलला तर पट्टी खराब येते, शिवाय पडद्याआड लहान मूल कोणी उभं राहू देत नाही. विलासची मुलगी ते सगळे तास बाहेर वॉचमनशेजारच्या बाकावर होती. बाप अनवाणी उतरला म्हणून तिने त्याच्या चपला उचलून आणल्या होत्या, आणि सकाळी तो बाहेर आला तेव्हा त्या मांडीवर घेऊनच ती झोपली होती.